कापसाचा वायदा: आपण विकतो तेव्हा समोर घेणारा कोण?

कापूस घरात ठेवला आणि भाव पडला तर काय, असं बरेच जण विचारतात. त्यावर एक उपाय म्हणजे वायदे बाजारात आधीच विकून ठेवणं. त्याला हेजिंग म्हणतात. सोयाबीन आणि हरभऱ्याचे वायदे सेबीने 2021 मध्ये थांबवले. पुढे ही बंदी वाढवत नेली, मार्च 2025 मध्ये ती 31 मार्च 2026 पर्यंत केली. म्हणून इथे उदाहरण कापसाचं घेऊ.

एनसीडीईएक्सवर कापसाचा (तिथे नाव ‘कपास’) भाव 20 किलोचा असतो आणि तो राजकोटचा धरतात. त्याला पाचने गुणलं की क्विंटलचा भाव निघतो. एक लॉट 4 टनांचा, म्हणजे 40 क्विंटल. दोन-तीन एकरवाल्याकडे एवढा कापूस निघत नाही, म्हणून हे काम कंपनीने सगळ्यांचा माल एकत्र करूनच करायचं.

आता हिशेब बघा. आकडे समजण्यापुरते आहेत, आजचे भाव नाहीत. नोव्हेंबरात आपल्याकडे सभासदांचा 120 क्विंटल कापूस जमा आहे. इथला भाव 7,300. एप्रिलचा वायदा 1,540, म्हणजे क्विंटलला 7,700. कंपनीने 3 लॉट विकले. मार्चमध्ये भाव पडला. वायदा 7,100 आणि इथला भाव 6,800 झाला. आपण कापूस जिनिंगला 6,800 ने दिला आणि त्याच दिवशी 3 लॉट परत घेऊन सौदा मिटवला. वायद्यात क्विंटलमागे 600 सुटले. एकूण पडले 7,400, त्यातून दलाली वजा.

आता उलटं धरा. वायदा 8,500 वर गेला आणि इथला भाव 8,100 झाला. कापसाचे 8,100 आले, वायद्यात 800 गेले, हातात राहिले 7,300. शेजारी 8,100 ने विकतोय आणि आपल्याला 7,300, हे बघून पोटात दुखतं. पण हेजिंगमध्ये पडणारा भाव अडतो, तसा चढणारा भावही हातचा जातो.

खरी अडचण पैशांची आहे. वायद्यातला नफा-तोटा रोजच्या रोज खात्यात होतो. वरच्या हिशेबात कापूस अजून गोदामातच असताना 800 गुणिले 120, म्हणजे 96,000 रुपये रोख भरावे लागतात. सुरुवातीचं मार्जिन वेगळंच. पैसे वेळेवर भरले नाहीत तर ब्रोकर सौदा तोडतो, तोटा पक्का होतो आणि कापूस तसाच उघड्यावर राहतो. म्हणून लॉट विकायच्या आधी ही रोकड बाजूला ठेवायची.

दुसरी गोष्ट, राजकोट आणि आपला मोंढा एकसारखे हलत नाहीत. आपण विकलं तेव्हा दोन्हींत 400 चा फरक होता. भाव पडला तेव्हा कापूस भिजलेला असल्याने इथे 6,400 च मिळाले, तर फरक 700 चा होतो आणि हातात 7,000 येतात. ही घट वायदा भरून देत नाही.

मग आपण विकतो तेव्हा घेतं कोण? एक म्हणजे ज्याला पुढे माल लागणार आहे तो. एखाद्या जिनिंगवाल्याने पुढच्या गाठी आजच्या भावाने देऊ केल्या असतात. त्याला भाव चढायची भीती असते, म्हणून तो वायदा घेऊन ठेवतो. पण वेचणीच्या दिवसांत विकणारे फार आणि असे घेणारे कमी असतात. उरलेली जागा सट्टेवाला भरतो. त्याच्याकडे कापसाचं बोंडही नसतं. भाव चढेल या अंदाजावर तो आपली जोखीम घेतो आणि चुकला तर त्याचेच पैसे जातात. आपल्याकडे सट्टा म्हटलं की लोक नाक मुरडतात, पण तो नसेल तर आपल्याला घेणाराच मिळत नाही. या दोघांशी आपली गाठही पडत नाही. मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशन असतं. दोघांकडून मार्जिन तेच घेतं, म्हणून समोरचा पळाला तरी आपला सौदा राहतो.

सौद्याआधी स्क्रीनवर किती लॉट उघडे आहेत ते बघायचं. घेणारे थोडे असले की मागणारा आणि देणारा यांच्या भावात मोठी दरी पडते आणि बाहेर पडताना मार बसतो. सौदा मुदत संपायच्या आधी मिटवायचा, नाहीतर राजकोटच्या गोदामात ठरल्या प्रतीचा माल द्यायची वेळ येते.

जमा कापसापेक्षा जास्त लॉट विकले की आपणच सट्टेवाले झालो. म्हणून ज्यांना कापूस कंपनीकडे ठेवायचा आहे त्यांनी किती क्विंटल, ते आपल्या गटप्रमुखाला कळवावं. लॉट त्या आकड्यावरूनच ठरतील.