आपल्या चुकांची यादी आणि टप्प्याटप्प्याने वाचन

अर्ज, निबंध किंवा अहवाल लिहून झाला की आपण तो एकदा नजरेखालून घालतो. त्या एका नजरेत सर्व चुका सापडाव्यात अशी आपली अपेक्षा असते आणि ती बहुधा पुरी होत नाही. याला आळस हे कारण नव्हे. लिहिणाऱ्याला आपला मजकूर जवळजवळ पाठ झालेला असतो. त्याचा डोळा कागदावरची अक्षरे न वाचता मनातले वाक्य वाचतो. शिवाय जो शब्द आपल्याला मुळातच चुकीचा ठाऊक आहे, तो दहा वेळा वाचला तरी बरोबरच दिसणार.

म्हणून सुरुवात दुसऱ्याच्या लाल शाईपासून करावी. शिक्षकांनी तपासलेल्या आपल्या तीन-चार उत्तरपत्रिका किंवा निबंध समोर घ्यावेत. प्रत्येक चूक वहीत उतरवावी, डावीकडे आपण लिहिलेले रूप आणि उजवीकडे बरोबर रूप. असे केल्यावर दिसून येते की चुका पन्नास असल्या तरी त्यांच्या जाती चार-पाचच असतात. जी जात दोनदा किंवा अधिक वेळा आली, तीच यादीत घ्यावी. सहांपेक्षा जास्त कलमे ठेवू नयेत, नाहीतर यादीच वाचायचा कंटाळा येतो. कलमाला व्याकरणातले नाव न देता आपलाच शब्द नमुना म्हणून लिहावा. 'उपान्त्य इकार' असे लिहिण्यापेक्षा 'वडील, पण वडिलांनी' हे लवकर लक्षात राहते.

येथे एक भेद करावा लागतो. एकच शब्द एका ठिकाणी बरोबर आणि दुसऱ्या ठिकाणी चूक असेल, तर तो हस्तदोष होय. तो वाचनात सापडू शकतो. पण शब्द सर्वत्र सारखाच चुकला असेल, तर ते अज्ञान होय. तेथे शब्दकोशच उघडला पाहिजे.

आता एक नमुना पाहू. शिष्यवृत्तीच्या अर्जातला हा कल्पित मजकूर आहे:

"मी एका गरिब कुटूंबातील विद्यार्थी आहे. माझ्या वडीलांनी कर्ज काढून मला शिकविले आणी आईने शिवणकाम करून माझी फी भरले. बारावीच्या परिक्षेत मला ६०० पैकी ४०८ म्हणजे ६६ टक्के गुण मिळाले. आपली संस्था गरजू विद्यार्थ्याना मदत करते असे मला शिक्षकांकडून, तरी माझ्या अर्जाचा विचार व्हावा."

पहिल्या टप्प्यात अक्षराकडे पाहायचेच नाही. मजकूर शक्यतो एक रात्र बाजूला ठेवावा आणि मग फक्त आशय पाहावा. या अर्जात कोणत्या अभ्यासक्रमासाठी मदत हवी आणि किती हवी, हे लिहिलेलेच नाही. ती दोन वाक्ये आधी घालावीत. शुद्धलेखन आधी आणि आशय नंतर असा उलटा क्रम धरला, तर सुधारलेल्या मजकुरात पुन्हा नवी, न तपासलेली वाक्ये शिरतात.

दुसरा टप्पा मोठ्याने वाचण्याचा. मनात वाचणे येथे चालत नाही. ओळीखाली बोट किंवा पट्टी धरून, एकेक शब्द उच्चारून, सावकाश वाचावे. 'असे मला शिक्षकांकडून' येथे जीभ अडखळते, कारण 'समजले' हा शब्द गळला आहे. 'माझी फी भरले' हेही कानाला खटकते. ही चूक कशी झाली असेल? आधी 'माझे शुल्क भरले' असे लिहिले, मग सोपा शब्द म्हणून 'फी' केले, 'माझे'चे 'माझी' केले आणि क्रियापद तसेच राहिले. खाडाखोड झालेल्या ओळीत अशी चूक नेहमी शोधावी. फार लांब वाक्येही कानच पकडतो. एका श्वासात वाक्य संपत नसेल, तर त्याची दोन करावीत.

'विद्यार्थ्याना' हा शब्द मात्र फसवा आहे. स्वतः वाचताना आपण सवयीने 'विद्यार्थ्यांना' असेच म्हणतो आणि गळलेला अनुस्वार दिसत नाही. म्हणून हा मजकूर पूर्वी न पाहिलेल्या भावंडाला किंवा मित्राला वाचायला द्यावा आणि आपण ऐकावे. जो समोर आहे तेवढेच वाच, असे त्याला सांगावे.

आता कानाची मर्यादा. 'आणी' आणि 'आणि', 'परिक्षा' आणि 'परीक्षा' यांचा उच्चार आपण बहुतेक जण सारखाच करतो. त्यामुळे मोठ्याने वाचून ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडत नाहीत. 'न' आणि 'ण' यांचेही तसेच आहे. ज्याच्या घरच्या बोलीत 'पानी' आहे, त्याला कानाच्या आधारे 'पाणी' सापडणार नाही. ती बोली अशुद्ध नव्हे. परंतु उत्तरपत्रिका आणि अर्ज प्रमाण लेखनानुसार तपासले जातात आणि गुण त्यावर जातात. असा विद्यार्थी बुद्धीने कमी नसतो. त्याला कानाऐवजी डोळ्याची तपासणी अधिक लागते एवढेच. त्याने ही जोडी यादीत सर्वांत वर ठेवावी.

तिसरा टप्पा त्या डोळ्यासाठी आहे. यादीतील एक कलम घ्यावे आणि सर्व मजकुरात फक्त तेच शोधावे. मग दुसरे घ्यावे. ऱ्हस्व-दीर्घासाठी शेवटच्या ओळीपासून वर, एकेक शब्द झाकून पाहत जावे. वाक्याचा अर्थ तुटला की डोळा अक्षर पाहू लागतो. आपल्या नमुन्यात 'गरिब'चे 'गरीब' होईल, पण 'वडीलांनी'चे 'वडिलांनी' होईल. शासनाने १९६२ साली मान्य केलेल्या लेखन-नियमांनुसार अशा अकारान्त मराठी शब्दात शेवटच्या अक्षराआधीचा इकार-उकार दीर्घ असतो आणि प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो. म्हणूनच 'गरीब विद्यार्थी' पण 'गरिबांना'. 'परीक्षा' आणि 'कुटुंब' हे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द असल्याने ते बदलत नाहीत: 'परीक्षेत', 'कुटुंबात'. शब्दाच्या शेवटी दीर्घ लिहिण्याच्या नियमाला 'आणि' हा अपवाद आहे, तो सरळ पाठ करावा. मोबाइलवर टंकलिखित करणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. 'वर्धापन दीन' असे झाले तरी यंत्र खूण करीलच असे नाही, कारण 'दीन' हाही खरा शब्द आहे, फक्त त्याचा अर्थ 'गरीब' असा होतो.

चौथा टप्पा आकडे आणि नावे यांचा, आणि तो मूळ कागद शेजारी ठेवूनच करावा. बँकेत खातेवह्या हाताने लिहिल्या जात, तेव्हा एक जण व्हाउचर मोठ्याने वाची आणि दुसरा लेजरमध्ये खूण करी. गुणपत्रिका व अर्ज यांची रुजवात तशीच दोघांनी घालावी. ६०० पैकी ४०८ म्हणजे ६८ टक्के होतात, ६६ नव्हे. ही चूक कानालाही कळत नाही आणि शब्दकोशातही सापडत नाही. पण अर्ज तपासणारा कारकून ती प्रथम पाहतो.

शेवटी स्वच्छ प्रत काढल्यावर सुधारलेल्या ओळी आणि त्यांच्या वर-खाली असलेली एकेक ओळ पुन्हा वाचावी, कारण उतरवताना शब्द तेथेच गळतात. मग यादी उघडावी. लागोपाठ चार-पाच लेखांत जी चूक आली नाही ती खोडावी आणि तिच्या जागी नवीन आढळलेली लिहावी.