एकच घरघर, दोन उत्तरे : तीव्र दमा व सीओपीडी यांतील औषधनिवड

औषधशास्त्राच्या प्रश्नपत्रिकांत एक प्रश्न रूप पालटून पुनःपुन्हा येतो. 'दम्याच्या तीव्र वेगात प्रथम कोणते औषध द्यावे?' असे विचारून साल्ब्युटामॉल, साल्मेटेरॉल, बेक्लोमेथासोन व सोडियम क्रोमोग्लायकेट हे पर्याय दिले जातात. अनेक हुशार विद्यार्थी बेक्लोमेथासोन लिहून येतात, कारण 'दमा हा श्वासनलिकांचा शोथ आहे' हे त्यांनी पाठ केलेले असते. पाठांतर बरोबर असते. 'तीव्र' हा शब्द मात्र वाचायचा राहिलेला असतो. तमक श्वासाची वेगावस्था आणि अवेगावस्था वेगळी मानणाऱ्या वैद्याला हा भेद नवा नाही.

साल्ब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायूंवरील बीटा-२ ग्राहींना उत्तेजित करते व काही मिनिटांत स्नायू शिथिल होतो. स्टेरॉइड पेशीकेंद्रात जाऊन शोथकारक प्रथिनांची निर्मिती थांबवते. त्यास काही तास लागतात. गुदमरणाऱ्या रुग्णापाशी तेवढा अवधी नसतो. साल्मेटेरॉल दीर्घकाळ टिकते, परंतु त्याचा आरंभ मंद आहे. क्रोमोग्लायकेट केवळ प्रतिबंधक आहे.

आता एक रुग्ण पाहू. बावीस वर्षांची तरुणी, एक वाक्य सलग बोलू शकत नाही, श्वसनगती ३२, नाडी १२६, रक्तातील प्राणवायू ८९ टक्के. हा गंभीर वेग होय. तिला रुग्णालयात पाठवण्याची तजवीज करतानाच स्पेसरमधून साल्ब्युटामॉलचे ४ ते १० फवारे दर २० मिनिटांनी पहिला तासभर द्यावयाचे, अथवा नेब्युलायझरने २.५ ते ५ मिलिग्रॅम. वेग गंभीर असल्याने त्यात इप्राट्रोपियम ५०० मायक्रोग्रॅम मिसळावे. प्राणवायू ९३ ते ९५ टक्के राखावा. स्टेरॉइड येथेही हवेच, पण पोटातून : प्रेडनिसोलोन ५० मिलिग्रॅम पहिल्या तासातच, पुढे ५ ते ७ दिवस. छातीतील घरघर अकस्मात थांबली आणि रुग्णा पेंगू लागली, तर ती सुधारणा नव्हे. हवा आत जाणेच थांबत आले आहे असे समजावे.

फवाऱ्यातील स्टेरॉइडची पाळी येते ती वेग शमल्यावर, आणि मग ते सोडायचे नाही. २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात केवळ साल्ब्युटामॉलवर कोणत्याही प्रौढ रुग्णाला ठेवू नये असे सांगितले आहे. त्यात ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल यांच्या संयुक्त फवाऱ्यास पसंती आहे, कारण फॉर्मोटेरॉल दीर्घकारी असूनही त्वरित काम करते. प्रश्नातील फसवी जागा हीच : दोन्ही दीर्घकारी बीटा-२ औषधे, पण आरंभ भिन्न.

दुसरा रुग्ण चौसष्ट वर्षांचा, चाळीस वर्षे विडी ओढलेला. तीन दिवसांपासून दम वाढला आहे, कफ वाढून पिवळा झाला आहे. तातडीचे उपचार दिसायला सारखेच : साल्ब्युटामॉल, सोबत इप्राट्रोपियम, आणि प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅम ५ दिवस. कफाचा रंग पालटल्याने प्रतिजैविकही लागेल. परंतु प्राणवायूचे लक्ष्य येथे ८८ ते ९२ टक्के. तो सढळ हाताने दिला तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून रुग्ण बेशुद्धीकडे जाऊ शकतो.

खरा भेद नंतरच्या औषधात आहे. या रोगातील शोथ बहुधा न्यूट्रोफिल पेशींचा असतो व तो स्टेरॉइडला फारसा दाद देत नाही. व्हेगस नाडीमुळे आलेला संकोच तेवढा कमी करता येतो. म्हणून टायोट्रोपियमसारखे दीर्घकारी औषध, सोबत दीर्घकारी बीटा-२ औषध, हा पाया. फवाऱ्यातील स्टेरॉइड वारंवार वेग येणाऱ्यांनाच जोडावे, तेही इओसिनोफिल पेशी प्रति मायक्रोलिटर ३०० वा अधिक असल्यास. त्या १०० पेक्षा कमी असतील तर लाभ दुर्मीळ, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. पूर्वी दमा असलेल्या विडीबाजात दोन्ही रोग एकत्र दिसतात. तेथे दमा समजूनच स्टेरॉइड चालू ठेवावे.

याच्या उलट चूक अधिक घातक. दम्यात दीर्घकारी बीटा-२ औषध स्टेरॉइडशिवाय कधीही देऊ नये. साल्मेटेरॉलवरील अमेरिकेतील मोठी चाचणी २००३ मध्ये थांबवावी लागली, कारण त्या गटात दम्याने होणारे मृत्यू अधिक आढळले. सीओपीडीत मात्र तेच औषध एकटे चालते.

औषधालयाच्या मालकांना हा भेद खपाच्या वहीत दिसतो. साल्ब्युटामॉलच्या एका डब्यात साधारण २०० फवारे असतात. दम्याचा रुग्ण वर्षात तीन किंवा अधिक डबे नेत असेल, तर त्याला तीव्र वेग येण्याचा धोका वाढलेला आहे. बारा किंवा अधिक नेत असेल, तर मृत्यूचा. अशा गिऱ्हाइकाला चौथा डबा देताना त्याच्या चिठ्ठीवर स्टेरॉइडचा फवारा लिहिलेला आहे का, आणि तो गेल्या वेळी त्याने नेला होता का, एवढे दोन प्रश्न विचारावेत, व उत्तर नकारार्थी आल्यास त्याच दिवशी त्याला वैद्याकडे धाडावे.