नळीवरची बारीक अक्षरे

जांघेत, कंबरेवर किंवा काखेत उठणाऱ्या गजकर्णाविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही, आणि ह्या संकोचाचा सर्वांत मोठा लाभ ज्या जिनसेला मिळतो, ती म्हणजे औषधांच्या दुकानात कोणत्याही वैद्याच्या चिठ्ठीवाचून हाती पडणारी मलमाची नळी होय. महसूल खात्याच्या नोकरीतून निवृत्त झाल्यानंतरच्या एका पावसाळ्यात, लेंग्याची नाडी जेथे करकचते तेथे, रुपयाएवढे एक लालसर वर्तुळ माझ्या कंबरेवर उमटले. त्याची कड उंचावलेली व खवल्यांची होती, मध्यभाग निवळलेला होता, आणि रात्री अंथरुणाची ऊब लागली की त्याला असह्य खाज सुटत असे. दुकानातल्या मुलाने वर्णन पुरते ऐकूनही घेतले नाही. फळीवरची एक नळी काढून त्याने पुढे सरकवली आणि "काका, दोन दिवसांत फरक पडेल," असे आश्वासन दिले.

फरक पडला, हे येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे, कारण ह्या साऱ्या प्रकरणातील खरी मेख त्या फरकातच आहे. दुसऱ्या रात्री खाज गेली, आठवड्याच्या आत लाली मावळली, आणि रोग गेला असे समजून मलम थांबवावे तोच ते वर्तुळ पूर्वीपेक्षा रुंद होऊन परतले. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा परतणे, असा हा फेरा गणपतीपासून दिवाळीपर्यंत चालला. तेवढ्या मुदतीत रोग कंबरेवरून जांघांत उतरला, आमच्या सौभाग्यवतींच्या पोटावरही त्याने ठाणे मांडले, आणि मूळच्या रेखीव वर्तुळाचे रूप इतके पालटले की एका कड्याच्या आत दुसरे कडे आणि बाकी सर्वत्र अस्पष्ट, धुरकट डाग, असा तो नकाशा झाला. जांघेतील कातडी कागदासारखी पातळ होऊन तिच्यावर जांभळट पट्टे उमटले, तेव्हा मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी त्वचारोगतज्ज्ञ असलेल्या डॉक्टरीणबाईंकडे जाणे भाग पडले.

त्यांनी पहिली आज्ञा केली ती अशी : "काका, आजवर लावलेल्या साऱ्या नळ्या पिशवीत घालून घेऊन या." त्या नळ्या टेबलावर ओळीने मांडून, भिंगाखाली धरून, त्यांनी मला एकेकीवरचा मजकूर वाचावयास लावला. पहिलीवर होते : क्लोबेटासॉल प्रोपिओनेट 0.05 टक्के, निओमायसिन 0.5 टक्के, मायकोनॅझोल नायट्रेट 2 टक्के. म्हणजे एक स्टिरॉइड, एक जिवाणूनाशक आणि एक बुरशीनाशक, अशी तिघांची मोट एकाच नळीत बांधलेली. दुसऱ्या नळ्यांची नावे निराळी होती, क्वचित क्लोबेटासॉलऐवजी बीटामेथासोन होते. पण मोट तीच. मग त्यांनी बोथट पात्याने डागाच्या कडेवरचे खवले काचपट्टीवर खरवडून घेतले, वर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब सोडला, आणि काही वेळाने सूक्ष्मदर्शकात मला डोकावू दिले. विरघळत चाललेल्या पेशींमधून फांद्या फुटलेले, आडव्या पडद्यांचे पारदर्शक तंतू आरपार गेलेले दिसत होते. स्टिरॉइड लावलेल्या कातडीत हे तंतू बहुधा विपुल सापडतात, असे त्या म्हणाल्या.

त्यांनी केलेला उलगडा मी माझ्या शब्दांत मांडतो. ही बुरशी कातडीच्या वरच्या मृत थरातील केरॅटिनवर जगते. आपल्याला दिसणारी लाली, सूज व खाज ही बहुतांशी बुरशीची नव्हे, तर तिला हुसकून लावण्यासाठी शरीराने चालविलेल्या प्रतिकाराची चिन्हे असतात. स्टिरॉइड त्या प्रतिकारालाच दडपते, म्हणून खाज थांबते. पहारेकऱ्याला अफू पाजून दंगा मिटविल्याचा देखावा करावा, त्यातलाच हा प्रकार. त्याच नळीत बुरशीनाशक आहे हे खरे; परंतु बुरशी निर्मूल होण्यास औषधाच्या जोडीला शरीराचा प्रतिकार आणि कित्येक आठवड्यांचा अखंड उपचार लागतो, आणि खाज दोन दिवसांत थांबल्यावर तितके आठवडे मलम चोळीत बसणारा रोगी विरळाच. शिवाय मलम थांबताच दबलेला दाह दुप्पट जोराने उसळतो, आणि रोगी पुन्हा त्याच नळीकडे धावतो.

येथे जागेचाही विचार हवा, कारण कातडी सर्वत्र सारखी नसते. हातावरील कातडीच्या तुलनेत वृषणावरील कातडी हायड्रोकॉर्टिसोन सुमारे 42 पट शोषते, असे फेल्डमन आणि मेबॅक यांनी 1967 साली मोजून दाखविले. जांघेची घडी तर झाकलेली व घामाने नित्य ओली. क्लोबेटासॉल हे लावावयाच्या स्टिरॉइडांपैकी सर्वांत प्रखर वर्गातले, योग्य रोगातही सलग दोन आठवड्यांहून अधिक काळ वापरू नये असे. ते तेथे महिनोन्महिने चोळले की पट्टे पडणारच, आणि ते पट्टे जन्मभर राहतात. माझे राहिले आहेत. स्टिरॉइड हे विष आहे असा ह्याचा अर्थ कोणी करू नये. इसब किंवा सोरायसिस यांत तज्ज्ञाच्या देखरेखीखाली त्याचा उपयोग मोठा आहे. बुरशीवर मात्र त्याचे काम नाही.

माझ्या उपचारात सर्व जुन्या नळ्या बंद झाल्या, आणि पहिले काही दिवस खाज व लाली वाढली; तसा इशारा डॉक्टरीणबाईंनी आधीच दिला होता. मलम थांबविणाऱ्याने ही उसळी ओळखून धीर धरावा, कारण बहुसंख्य रोगी नेमके ह्याच ठिकाणी मागे फिरतात. पोटात इट्राकोनॅझोलच्या कॅप्सुली, त्याही जेवणानंतर आणि आम्लपित्ताच्या गोळ्यांशिवाय, कारण त्या गोळ्यांनी औषधाचे शोषण घटते. वर स्टिरॉइडरहित बुरशीनाशक मलम, तेही डागाच्या कडेबाहेर दोन बोटे कातडी व्यापून, आणि डाग दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे. सौभाग्यवतींचा उपचार त्याच वेळी सुरू झाला, पंचे व अंथरुणे वेगळी झाली. अलीकडे भारतात पसरलेली ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही जात, जिला हे नाव 2020 साली मिळाले, टर्बिनाफाइन ह्या नेहमीच्या औषधाला अनेकदा दाद देत नाही. त्यामुळे शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्याला लागू पडेलच असे नाही, आणि यकृताचा रोग असलेल्यांनी वा इतर औषधे चालू असलेल्यांनी तर हे प्रयोग परस्पर मुळीच करू नयेत.

सरकारने मार्च 2018 मध्ये लावावयाची अनेक स्टिरॉइडे चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा निर्बंध घातला आहे. अंमलाची कथा निराळी. म्हणून गजकर्णासाठी दुकानात पाऊल ठेवाल तेव्हा नळी उलटून पाहा. तीवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन किंवा फ्लुओसिनोलोन यांपैकी एकही नाव आढळले, तर ती तेथेच ठेवून निघा आणि आजवर लावलेल्या नळ्या घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. त्यांना त्या पाहावयास मिळाल्या की अर्धे निदान तेथेच होते.