शिरा की गाठ?

प्रश्न : वय २४. महाड एमआयडीसीत आठ तास उभ्याने काम. चार महिन्यांपासून शिफ्ट संपत आली की डावीकडची गोळी खाली ओढल्यासारखी जड वाटते. रात्री आडवं पडलं की बरं वाटतं. महाडला सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये ‘डावीकडे व्हेरिकोसील’ असं लिहिलंय. घरी कुणाला सांगितलेलं नाही. मित्र म्हणतो, तिथे हाताला काही लागलं म्हणजे कॅन्सरच. शीर कुठली आणि गाठ कुठली, हे त्या पडद्यावर नक्की कळतं का?
— एक वाचक, वीर

उत्तर : बहुतेक वेळा कळतं. तुमच्या चार ओळींतच अर्धं उत्तर आहे: संध्याकाळी जड, आडवं पडलं की हलकं. शिरांचं दुखणं असंच असतं. गाठीला तुम्ही उभे आहात की झोपलेले, याने फारसा फरक पडत नाही.

वृषणातून रक्त वर नेणाऱ्या शिरांचं एक जाळं असतं. शिरांमधल्या झडपांनी रक्त मागे येऊ द्यायचं नसतं. त्या नीट मिटल्या नाहीत की रक्त खाली तुंबतं आणि शिरा फुगतात. हे बहुधा डावीकडेच का होतं? उजवीकडची शीर पोटातल्या मोठ्या महाशिरेला तिरकी मिळते. डावीकडची मात्र मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात जाऊन मिळते, आणि तिचा रस्ताही लांब आहे. पाणी वर चढवायला लांबचा पाइप लागावा, तसं. साधारण शंभरात पंधरा पुरुषांना हे असतं, आणि त्यातल्या पुष्कळांना आयुष्यभर पत्ताही नसतो.

आता पडद्याकडे वळू. निरोगी वृषण सगळीकडे सारख्या करड्या रंगाचं दिसतं. फुगलेल्या शिरा त्याच्या बाहेर, वरच्या आणि मागच्या बाजूला, काळ्या वळवळत्या नळ्यांसारख्या दिसतात. हाताला त्या गांडुळांच्या पिशवीसारख्या लागतात, ही उपमा डॉक्टरांचीच. तीन मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त जाडी भरली की व्हेरिकोसील म्हणतात. पण जाडीपेक्षा मोलाची असते ती पुढची पायरी. तुम्हाला श्वास रोखून, शौचाला कुंथतो तसा जोर द्यायला सांगितला होता का? त्या वेळी डॉपलर लावला की शिरेत अचानक रंग भरतो, कारण रक्त उलटं खाली येतं. जोर सोडला की रंग ओसरतो. ही तपासणी उभं करूनही करावी लागते. नुसतं झोपवून पाहिलं तर हलकं व्हेरिकोसील निसटतं.

घन गाठीचं वागणं वेगळं. ती बहुधा वृषणाच्या आत असते, भोवतालच्या करड्या पोतापेक्षा काळपट दिसते. जोर द्या, उभे राहा, तिचा आकार बदलत नाही. बऱ्याचदा तिच्या आत स्वतःचा रक्तप्रवाह असतो. बहुधा दुखतही नाही, म्हणून माणूस दुर्लक्ष करतो. वृषणाच्या आतली घन गाठ कॅन्सर नाही असं सिद्ध होईपर्यंत तो कॅन्सरच धरून पुढे जायचं, असा डॉक्टरांचा नियम आहे. मग एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या रक्ततपासण्या होतात. तिथे सुई टोचून तुकडा काढत नाहीत, कारण त्याने पेशी पसरण्याची भीती असते. गाठीसकट वृषण जांघेतून काढतात. लवकर सापडला तर हा कॅन्सर फार चांगला बरा होतो.

तुमच्या मित्राची चूक इथेच आहे: हाताला लागणारं सगळं एकाच माळेत ओवणं. पाण्याची पिशवी असते, बाहेरचं साधं पाणफुगं असतं, जांघेतून उतरलेला अंतर्गळ असतो.

तुमची मात्र एक चूक होऊ शकते. व्हेरिकोसील सापडलं म्हणून गाठ नाही, असं होत नाही. दोन्ही एकाच वेळी असू शकतात. म्हणून रिपोर्टात शिरांच्या ओळीखेरीज दोन्ही वृषणांबद्दलचं वाक्य शोधा: पोत एकसारखा आहे, आत गाठ नाही, आणि दोन्हींचं आकारमान किती. समजा उजवं १६ मिलिलिटर आणि डावं १५, तर काळजी नाही. डावं १२ वर आलं असेल तर शिरांचा ताण वृषणाला भोवतोय. तसं असेल, दुखणं वाढत असेल किंवा पुढे मूल होण्यात अडचण आली तर मूत्रविकारतज्ज्ञाला दाखवा. शिरा बांधण्याचं ऑपरेशन तेव्हाच. तोवर आधार देणारी चड्डी आणि मधूनमधून बसायला मिळालं तर पाहा.

आणखी एक गोष्ट. आडवं पडल्यावर शिरा ओसरत नसतील किंवा त्या फक्त उजवीकडेच फुगल्या असतील, तर पोटाचीही सोनोग्राफी लागते. मूत्रपिंडाजवळची किंवा पोटातली एखादी गाठ शिरेला दाबत असू शकते. तुमच्या बाबतीत पडल्यावर हलकं वाटतं, त्यामुळे त्याची शक्यता कमी. तरी महिन्यातून एकदा, गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर, दोन्ही बाजू बोटांनी चाचपा. मऊ, दाबली की सरकणारी शीर असेल तर राहू द्या. वृषणालाच चिकटलेला टणक खडा लागला, तर सुट्टीची वाट न बघता त्याच आठवड्यात दाखवा.