वेष्टनावरचा आकडा आणि पोटातला आकडा

पावसाळा सरून थंडी पडू लागली की चिखली, मेहकर, खामगाव, कुठेही जा, वर्गात निम्मी मुले नाक पुसताना दिसतात. मग औषधाच्या दुकानातून जीवनसत्त्व 'क'च्या चघळायच्या नारिंगी गोळ्या येतात, कुणाकडे झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या, चोखायच्या गोळ्या येतात. २०२०-२१ मध्ये कोविडच्या दिवसांत तर या दोन्ही गोळ्या घराघरांत पोहोचल्या. त्या गोड लागतात, म्हणून औषध आहे हेच विसरायला होते. अशी एखादी पट्टी हाती घ्या आणि तिच्यामागची बारीक अक्षरे आपण मिळून वाचू या.

पहिली पट्टी जीवनसत्त्व 'क'ची. मोठ्या अक्षरांत '५०० मि. ग्रॅ.' असते. मागे मात्र पुष्कळदा असे लिहिलेले आढळते : 'अ‍ॅस्कॉर्बिक अ‍ॅसिड १०० मि. ग्रॅ., सोडियम अ‍ॅस्कॉर्बेट ४५० मि. ग्रॅ.' बेरीज तर ५५० होते! मग चूक कुणाची? कुणाचीच नाही. जीवनसत्त्व 'क' म्हणजे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल, C₆H₈O₆. त्याचा रेणुभार काढा : ७२ + ८ + ९६ = १७६. हे आम्ल फार आंबट, म्हणून त्याचा बराचसा भाग सोडियमच्या क्षाराच्या रूपात घालतात. त्यात एका हायड्रोजनची जागा सोडियम घेतो, म्हणून रेणुभार १ ने घटतो आणि २३ ने वाढतो, म्हणजे १९८ होतो. आता ४५० ला १७६ ने गुणून १९८ ने भागा. उत्तर बरोबर ४०० येते. शंभर आणि चारशे मिळून पाचशे. म्हणजे वेष्टनावर क्षाराचे वजन आणि त्यातल्या कामाच्या पदार्थाचे वजन असे दोन वेगळे आकडे असू शकतात, आणि आपल्याला हवा असतो तो दुसरा.

जस्ताच्या बाबतीत हा फरक फार मोठा होतो. चोखायच्या गोळीत जस्त बहुधा झिंक ग्लुकोनेटच्या रूपात असते. त्याचे सूत्र C₁₂H₂₂O₁₄Zn, रेणुभार सुमारे ४५५. त्यात जस्त फक्त ६५. म्हणजे सातवा हिस्सा. वेष्टनावर 'झिंक ग्लुकोनेट ७० मि. ग्रॅ.' असे असेल, तर गोळीत जस्त १० मि. ग्रॅ. आहे. पण 'झिंक (झिंक ग्लुकोनेटच्या रूपात) १० मि. ग्रॅ.' असे असेल, तर तो आकडा जस्ताचाच आहे. त्याला पुन्हा सातने भागायचे नाही. 'एलिमेंटल' किंवा 'इक्विव्हॅलंट टु' हे शब्द दिसले की त्यांच्या शेजारचा आकडा जस्ताचा समजावा. परदेशातून नातेवाइकांनी आणलेल्या बाटलीवर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. तिथला आकडा एका गोळीचा नसून एका 'सर्व्हिंग'चा असतो, आणि एक सर्व्हिंग म्हणजे कधी कधी दोन गोळ्या असतात.

आता एक उदाहरण सोडवू. समजा, नववीतला पंधरा वर्षांचा एक मुलगा सर्दी झाली म्हणून दिवसभरात 'क' जीवनसत्त्वाच्या चार गोळ्या चघळतो, वरच्यासारख्या जस्ताच्या सहा गोळ्या चोखतो, आणि घरात आहे म्हणून १० मि. ग्रॅ. जस्त असलेली एक बहुजीवनसत्त्वाची गोळीही घेतो. जीवनसत्त्व 'क' झाले चार पाचशे, म्हणजे २,००० मि. ग्रॅ. जस्त झाले साठ अधिक दहा, म्हणजे ७०, जेवणातले वेगळेच. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००० व २००१ साली ठरवलेल्या दैनंदिन कमाल मर्यादा १४ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी अशा आहेत : जीवनसत्त्व 'क' १,८०० मि. ग्रॅ. आणि जस्त ३४ मि. ग्रॅ. प्रौढांसाठी त्याच मर्यादा २,००० आणि ४०. आपला मुलगा पहिली किंचित आणि दुसरी दुपटीहून अधिक ओलांडून गेला. एकेका पट्टीवर पाहिले तर कोणताच आकडा भयंकर नव्हता. फसवले ते गुणाकाराने आणि बेरजेने.

या मर्यादा आल्या कोठून? जीवनसत्त्व 'क' दिवसाला ३,००० मि. ग्रॅ.च्या आसपास गेले की जुलाब होऊ लागतात, असे आढळले होते. आतडे एवढे जीवनसत्त्व शोषू शकत नाही. उरलेले आतड्यातच राहून पाणी ओढून घेते. त्या ३,००० ला सुरक्षिततेसाठी दीडने भागले, २,००० आले. जस्ताचे तसेच. रोज एकूण ६० मि. ग्रॅ. जस्त काही आठवडे घेणाऱ्यांच्या रक्तात तांब्यावर अवलंबून असलेल्या एका विकराचे काम मंदावले. त्या ६० ला दीडने भागून ४० आले. कारण असे : जस्त वाढले की आतड्याच्या पेशी धातूंना बांधून ठेवणारे एक प्रथिन तयार करतात. ते प्रथिन तांब्याला अधिक घट्ट पकडते, आणि पेशी गळून पडल्या की तांबेही त्यांच्याबरोबर बाहेर जाते. महिनोन् महिने असे चालले तर रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, पायांना मुंग्या येतात.

म्हणजे मर्यादा ओलांडल्या दिवशीच विषबाधा होते, असे नाही. ही मर्यादा रोजच्या, दीर्घ काळच्या सेवनाची आहे. डॉक्टर एखाद्याला मुद्दाम तिच्यापेक्षा अधिक मात्रा काही दिवस देतात, तेव्हा ते रुग्णावर लक्ष ठेवून देतात. मात्र तोंडाला धातूची चव, मळमळ किंवा पातळ शौच सुरू झाले, तर गोळ्या थांबवण्याची ती खूण समजावी. आणखी एक सावधगिरी आपल्या जिल्ह्यासाठी. जीवनसत्त्व 'क'चा काही भाग शरीरात ऑक्झॅलेट बनून लघवीवाटे जातो. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडे, मूत्रपिंडाच्या विकारांचे रुग्ण पुष्कळ. घरात कुणाला मुतखडा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर त्यांनी मोठ्या मात्रेची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

एवढे करून सर्दी जाते का? अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१३ साली जो आढावा निघाला, त्यात रोज जीवनसत्त्व 'क' घेणाऱ्या सामान्य माणसांना सर्दी कमी वेळा होते असे दिसले नाही. ती टिकण्याचा काळ प्रौढांत सुमारे ८ टक्के आणि मुलांत १४ टक्के घटला. सर्दी सुरू झाल्यावर गोळी घेतली, तर ठाम उपयोग आढळला नाही. जस्ताबद्दल २०२४ चा आढावा सांगतो, की सर्दी टाळण्यात त्याचा उपयोग जवळजवळ नाही. झालेली सर्दी कदाचित दोनेक दिवस लवकर बरी होते, पण हा पुरावा कच्चा आहे, आणि मळमळीसारखे त्रास मात्र वाढतात.

करून पाहा : घरातील गोळ्यांच्या सर्व पट्ट्या एकत्र करून चार रकान्यांचा तक्ता मांडा : क्षाराचे नाव, एका गोळीतील खरे जस्त किंवा जीवनसत्त्व, दिवसाच्या गोळ्या, एकूण. झिंक सल्फेटच्या एकजल क्षाराचे सूत्र ZnSO₄·H₂O आहे. ५५ मि. ग्रॅ. क्षारात जस्त किती, ते आधी काढा. उत्तर २० मि. ग्रॅ. आले, तर तुमची रीत बरोबर आहे. जुलाबावर लहान मुलांना देतात त्या गोळीतही जस्त तेवढेच असते. ती गोळी वेगळ्या आजाराची आहे, सर्दीची नव्हे. पण तुमच्या तक्त्याच्या बेरजेत तीही धरावी लागेल.