आधी ईमेल, मग इन्स्टाग्राम



इन्स्टाग्रामचे खाते परत मिळवूनही काही दिवसांत पुन्हा हातचे जात असेल, तर दोष बहुतेक वेळा त्याला जोडलेल्या ईमेलमध्ये असतो. पासवर्ड विसरल्याचे सांगितले की नवा पासवर्ड ठरवण्याचा दुवा त्या ईमेलवर येतो. ईमेल ज्याच्या ताब्यात, त्याला जुना पासवर्ड ठाऊक असण्याची गरजच उरत नाही.

जीमेलच्या बाबतीत हे सहसा असे घडते. तोच पासवर्ड दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावर वापरलेला असतो आणि तिथून तो फुटतो. चोर जीमेलमध्ये शिरतो आणि एक फिल्टर बसवतो: इन्स्टाग्रामकडून आलेला मेल आपल्या पत्त्यावर पाठवायचा आणि इथून काढून टाकायचा. मग तो इन्स्टाग्रामचा पासवर्ड बदलतो. खात्याचा ईमेल पत्ता बदलल्यास इन्स्टाग्राम जुन्या पत्त्यावर इशारा पाठवते, त्यातून तो बदल मागेही घेता येतो. पण हा इशारा मालकाच्या नजरेसच पडत नाही. पुढे मालक ओळख पटवून खाते मिळवतो, नवा भक्कम पासवर्ड ठेवतो आणि निश्चिंत होतो. फिल्टर मात्र तसाच असतो. जीमेलचा पासवर्ड बदलला तरी फिल्टर पुसला जात नाही. बाहेर काढलेल्या चोराला मेल मिळतच राहतात, हीच यातली सर्वांत फसवी बाब आहे.

म्हणून क्रम महत्त्वाचा. संशय नसलेल्या उपकरणावरून आधी जीमेलचा पासवर्ड बदलावा. तो दुसरीकडे कुठेही वापरलेला नसावा. मग संगणकाच्या ब्राउझरमध्ये जीमेलच्या सेटिंग्जमधील "Filters and Blocked Addresses" आणि "Forwarding and POP/IMAP" हे दोन्ही भाग तपासून अनोळखी नोंदी काढाव्यात. फोनवरच्या जीमेल अ‍ॅपमध्ये फिल्टर दिसत नाहीत, त्यामुळे फोनवरच सारे करणाऱ्यांकडून ही पायरी हमखास सुटते. त्यानंतर गूगल खात्यातील पर्यायी ईमेल आणि फोन नंबर पाहावेत, अनोळखी उपकरणे व अ‍ॅप काढावीत. शेवटी दुहेरी पडताळणी सुरू करून बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवावेत. पर्यायी नंबर बदलल्यावरही गूगल 7 दिवसांपर्यंत जुन्या नंबरावर कोड पाठवण्याची सोय देऊ शकते. तेवढे दिवस अधिक लक्ष ठेवावे.

एवढे झाल्यावरच इन्स्टाग्रामकडे वळावे: नवा पासवर्ड, दुहेरी पडताळणी, आणि खात्याला जोडलेल्या ईमेल व नंबरांत परका कोणी नाही याची खात्री.

ईमेल स्वच्छ असूनही खाते पुन्हा गेले, तर उपकरणातच घातक प्रोग्रॅम असण्याची शक्यता धरावी. असा प्रोग्रॅम ब्राउझरमधील चालू लॉगिनच चोरतो, त्यामुळे पासवर्ड आणि कोड दोन्ही लागत नाहीत. अशा वेळी ते उपकरण पूर्ण साफ होईपर्यंत त्यावरून कोणत्याही खात्यात लॉगिन करू नये.

— मामा