काचेच्या बरण्या उकळून घेणें व ओल्या चमच्याचा दोष

वैशाखांत घातलेलें कैरीचें लोणचें श्रावणांत नासलें म्हणजे दोष बहुधा कैरीवर, मिठावर किंवा घालणारीच्या हातगुणावर ढकलला जातो. ओझर व आसपासच्या गांवीं आम्हीं असे नासलेले साठे पाहिले आहेत. चौकशी केली असतां बहुतेक ठिकाणीं दोहोंपैकीं एक कारण निघतें. एक तर बरणी भरतेवेळीं आंतून पुरती कोरडी नव्हती, किंवा पुढें कोणी तरी तींत ओला चमचा बुडविला.

ओल्या चमच्याचें कारण सांगितलें कीं ऐकणारा हंसतो. पांच किलो लोणच्यास चार थेंब पाणी तें काय करणार? शंका रास्त आहे, म्हणून प्रथम हिशेबच मांडूं. एक किलो कैरीच्या फोडींत सुमारें ८५० ग्रॅम पाणी असतें. त्यांस २०० ग्रॅम मीठ लावलें म्हणजे सुटणाऱ्या खारांत शेंकडा १९ च्या आसपास मीठ येतें. इतक्या खारट द्रवांत बहुतेक जंतूंस स्वतःपुरतें पाणी ओढून घेतां येत नाहीं. उलट त्यांच्याच अंगांतील पाणी बाहेर ओढलें जातें. आतां धुतलेल्या चमच्यास चिकटून दहा थेंब, म्हणजे अर्धा मिलिलिटर पाणी आलें असें धरूं. तें सर्व लोणच्यांत सारखें मिसळलें तर मिठाचें प्रमाण जवळजवळ हाललेंही नाहीं असें दिसेल, आणि लोणचें नासणार नाहीं.

परंतु तें मिसळतच नाहीं, हीच या प्रकरणांतील मुख्य गोष्ट आहे. पाणी तेलापेक्षां जड असल्यामुळें थेंब तेलांतून खालीं उतरतो आणि खाराच्या वरच्या पापुद्र्यावर बसून राहतो. लोणचें घट्ट, फोडी व मसाला दाटलेला. तेथें त्यास ढवळणारें कोणी नाहीं. तो जेवढ्या खारास भिडतो तेवढ्याचें मीठ १९ वरून ९-१० वर येतें. तितकें मीठ सोसणारे किण्वजंतु पुष्कळ आहेत, आणि त्यांस हवेचीही फारशी गरज लागत नाहीं. एखादी फोड तेलावर डोकें काढून असेल आणि थेंब तिच्यावरच थांबला, तर तेथें हवा मिळते व बुरशी धरते. शिवाय त्याच चमच्यास वरणाचा अंश किंवा भाताचें शीत लागलेलें असेल, तर बीं, पाणी आणि खत तिन्ही एकदम पडलीं असें समजावें.

जॅमची गोष्ट याहून नाजूक आहे. आमच्या भागांत द्राक्षांचा व पेरूचा जॅम घरोघर होऊं लागला आहे. जॅममध्यें साखर व इतर विद्राव्य मिळून शेंकडा ६५ भाग असले तर तो टिकतो. पण तो गोठलेला असल्यामुळें थेंब पृष्ठभागींच तळें करून राहतो आणि त्या तळ्यांतील साखर निम्म्यावर येते. अशा पातळ पाकांत किण्व फार जोमानें वाढतें.

आतां बरणीकडे वळूं. येथें चिनी मातीच्या बरणीचा विचार नाहीं. ती उकळूं नये, लुकणास चिरा जातात. काचेची बरणी प्रथम उजेडांत धरून तडा किंवा कांठाची कपची पाहावी व तशी असल्यास बाजूस ठेवावी. साबणानें धुऊन, मोठ्या पातेल्याच्या तळाशीं फडक्याची घडी घालून तीवर बरण्या ठेवाव्या. घडी नसली तर बुडाचा प्रत्यक्ष ताप लागून काच फुटते. पाणी प्रथम कोमट असावें, बरण्यांच्या आंत भरलेलें व त्यांच्यावर दोन बोटें आलेलें. वेळ मोजावयाचा तो पाणी खळखळून उकळूं लागल्यापासून. समुद्रकांठीं दहा मिनिटें पुरतात. ओझर समुद्रसपाटीपासून सुमारें ६०० मीटर उंच असल्यामुळें येथें पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतें. दर ३०० मीटरांस एक मिनिट वाढवावें या हिशेबानें आपण बारा मिनिटें धरावीं.

जॅमसाठीं बरणी गरम असतांनाच पाणी निथळून लगेच कढत जॅम भरावा. थंड बरणींत कढत पदार्थ ओतला, किंवा गरम बरणी ओट्याच्या गार फरशीवर ठेवली, कीं काच तडकते. म्हणून खालीं लांकडी पाट घ्यावा. लोणच्याची रीत मात्र उलटी. तेथें बरणी उकळण्यापेक्षां वाळविण्याकडे अधिक लक्ष पाहिजे. पुष्कळजण उकळलेली बरणी पंचानें पुसतात. बारा मिनिटांत जें मारलें तें पंचा एका क्षणांत परत आणून ठेवतो. बरणी पुसूं नये. निथळून उन्हांत आडवी ठेवावी. पालथी घालून ठेवली तर वाफ आंतच कोंडते. तीन-चार तासांनीं कोरडें झांकण लावून अर्धा तास उन्हांत ठेवून पाहावें. आंतल्या काचेवर धुकें धरलें तर ओल अजून आहे.

हिंगाची धुरी देण्याची जुनी चाल आम्हांस मोडावीशी वाटत नाहीं. निखाऱ्याच्या उष्णतेनें उरलीसुरली ओल जाते. मात्र उकळण्याच्या ऐवजीं ती धरूं नये.

चमच्यावांचूनही ओला चमचा पडतो, हें फारसें कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. फोडणी कोमट असतांना झांकण लावलें कीं वाफ झांकणाच्या पोटीं जमून थेंब थेंब खालीं गळते. म्हणून फोडणी पूर्ण निवल्याखेरीज फोडींत घालूं नये, व तोंवर बरणीस दादराच बांधावा. फ्रीजमधील गार बरणी जेवण होईतों उघडी ठेवली तरी हवेंतील ओल तिच्या कांठावर धरते. पावसाळ्यांत हें विशेष घडतें.

यावर घरांत सहज जमणारा उपाय एवढाच कीं मोठी बरणी रोज उघडूं नये. पंधरा दिवसांचें लोणचें पोलादी चमच्यानें लहान बरणींत काढावें. चमचा ज्योतीवर धरून नंतर निवूं द्यावा. लांकडी पळी वरून कोरडी दिसली तरी तिच्या रेषांत पाणी राहतें. काढल्यावर फोडी दाबून तेल बोटभर वर आहे कीं नाहीं तें पाहावें. कमी असल्यास तेल तापवून, पूर्ण निववून घालावें.

ओला चमचा पडल्याचें त्याच वेळीं कळलें, तर तेथील दोन चमचे लोणचें कोरड्या चमच्यानें काढून त्याच दिवशीं संपवावें. कळलें नाहीं, तर पुढें खुणा दिसतात. वर पांढरट साय धरते, झांकण उघडतां फसफस होते, फोडी लिबलिबीत होऊन ताडीसारखा वास येतो. हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर ती वरून खरवडून बाकीचें खाण्याची काटकसर करूं नये. तिचे तंतु खोल गेलेले असतात, कांहीं बुरशा विषारी द्रव्यें सोडतात, आणि कांहीं लोणच्यांतील आंबटपणाच खाऊन टाकतात.

हा आंबटपणा का महत्त्वाचा, तेंही सांगितलें पाहिजे. उकळण्यानें बुरशी, किण्व आणि बहुतेक जंतु मरतात. परंतु मातींतील कांहीं जंतूंचीं बीजुकें ९८ अंशांतून जिवंत निघतात. त्यांपैकीं एका जातीचें विष प्राणघातक आहे, आणि तो जंतु हवेवांचून, तेलाखालीं वाढतो. कैरी-लिंबाच्या आंबट व खारट लोणच्यांत त्यास रुजतां येत नाहीं. नुसत्या तेलांत बुडविलेल्या सोललेल्या लसणीस तें संरक्षण नाहीं. तशी लसूण कितीही उकळलेल्या बरणींत भरली तरी बाहेर ठेवूं नये. लिंबाचा भरपूर रस व मीठ घालून रीतसर लोणचें करावें, नाहीं तर थोडी करून, फ्रीजमध्यें ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.